के२-१८बी : "९९.७ टक्के जीवसृष्टी" या फॉरवर्डचं नक्की काय करायचं?

लिंबूकलर
आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर काकांनी परत तोच फॉरवर्ड टाकलाय: "१२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहावर जीवसृष्टी सापडली, शास्त्रज्ञांना ९९.७ टक्के खात्री." मी शोधून पाहिलं. मूळ बातमी एप्रिल २०२५ ची. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने वेब दुर्बिणीतून सिंह राशीतल्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू (लोक डीएमएस म्हणतात) असल्याच्या खुणा पाहिल्या. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या प्लवकांमुळे तयार होतो, म्हणून एवढा गाजावाजा.

माझे प्रश्न दोन. एक, ग्रह स्वतः दिसत नसताना त्याच्या हवेत काय आहे हे कळतं कसं? दोन, ९९.७ टक्के खात्री असेल तर अजून भांडण कशाचं चाललंय? काकांना उत्तर द्यायचंय, पण काका बीएस्सी फिजिक्स आहेत, थातुरमातुर चालणार नाही.

सह्यकडा
पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश त्याच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो. प्रत्येक वायू ठराविक रंग गिळतो. त्या गिळलेल्या रेघा पाहायच्या आणि वायूचं नाव सांगायचं. बोटांच्या ठशांसारखं. ठसा जुळला की चोर तोच. आणि ९९.७ म्हणजे हजारात तीनच शक्यता चुकण्याची. मला तरी काकांचं बरोबर वाटतं.

मालवणी_मेवा
डीएमएस म्हणजे समुद्राचा वास ना? आमच्याकडे ओहोटीला खडकांवर जो दर्प येतो त्यात हाच असतो म्हणतात. कोबी जास्त शिजला की येतो तोही हाच. माका एकच विचारायचा हा, तिकडे १२४ प्रकाशवर्षांवर कोबी कोणी शिजवत घातला असेल तर कसा कळतला? 😄

रेघोट्या
मालवणी_मेवा, विनोदात तुम्ही अर्धा मुद्दा सांगून टाकलात. त्यावर नंतर येते. मी याच क्षेत्रात काम करते, पण या ग्रहावर नाही. सह्यकडा यांनी पद्धत बरोबर सांगितली, फक्त "ठसा" या शब्दाने घोटाळा होतो. पाटीवर उमटलेला स्वच्छ ठसा नसतो हा. आकडे एकदा हाताने काढून बघू, काकांनाही आवडेल.

ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या २.६ पट, म्हणजे साधारण १६,६०० किमी. तारा लाल खुजा आहे, सूर्याच्या निम्म्याहूनही थोडा लहान, त्रिज्या सुमारे ३,१०,००० किमी. ग्रह समोर आला की ताऱ्याच्या थाळीचा जेवढा भाग झाकला जातो तेवढा प्रकाश कमी होतो. दोन त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग करा: जवळपास ०.२९ टक्के. म्हणजे ताऱ्याकडून प्रकाशाचे दहा लाख कण येत असतील तर त्यातले साधारण २,८६० अडतात. दर ३३ दिवसांनी, पावणेतीन तासांच्या आसपास.

हे झालं ठोकळ्याचं. आता हवा. ग्रहाची कड काही चाकूने कापल्यासारखी नसते, वर वर विरळ होत जाते. ज्या रंगाला मिथेन शोषतो त्या रंगात ही विरळ हवासुद्धा अपारदर्शक ठरते आणि ग्रह किंचित मोठा भासतो. बाकी रंगांत किंचित लहान. म्हणजे आपण रेघा "पाहत" नाही. एकच अधिक्रमण, म्हणजे ग्रहाचं ताऱ्यासमोरून जाणं, शेकडो रंगांत वेगवेगळं मोजतो आणि कुठल्या रंगात खड्डा जास्त खोल पडला ते बघतो.

किती जास्त? हवा किती उंचीवर एक तृतीयांशाच्या आसपास विरळ होते त्यावर ते ठरतं. पृथ्वीवर ती उंची ८ किमी. के२-१८बीची हवा हायड्रोजनची आहे असं धरलं, तापमान उणे वीस सेल्सियसच्या घरात धरलं, तर तिथे ती येते ७३ किमी. एवढी एक पायरी वर गेलं की दहा लाखांत आणखी २५ कण अडतात. मिथेनसारखा जोरकस शोषणारा वायू तीन पायऱ्या वर नेतो. म्हणजे २,८६० ऐवजी २,९३५. सगळा खेळ या ७०-८० कणांचा आहे, आणि डीएमएसचा दावा त्याहून लहान चढउतारांवर उभा आहे.

लिंबूकलर
बाप रे. आणि हायड्रोजनच्या ऐवजी आपल्यासारखी नायट्रोजनची हवा असती तर?

रेघोट्या
नायट्रोजन बारा पट जड, म्हणून पायरी ७३ वरून ६ किमीवर येते. दहा लाखांत दोन कण. वेबला ते दिसत नाही. म्हणूनच सध्या आपण फुगीर हायड्रोजनी ग्रहांमध्ये जीवसृष्टी शोधतोय. तिथे ती असण्याची शक्यता जास्त आहे असं कोणी म्हणत नाही, पण मोजता येतं ते तिथेच. अंगठी अंगणात हरवली आणि शोधतोय ओटीवर, कारण दिवा ओटीवर आहे.

तारांगण_६इंची
छान चर्चा. माझ्याकडे ६ इंची न्यूटोनियन आणि एक जुना डीएसएलआर आहे. मलाही हे वायू बघायचे आहेत. के२-१८ कोणत्या महिन्यात दिसेल? फिल्टर कुठला लावू?

रेघोट्या
वायू नाही दिसणार दादा, पण अधिक्रमण दिसू शकेल. के२-१८ सोडा, तो तेराव्या प्रतीपेक्षाही मंद आहे आणि खड्डा ०.२९ टक्क्यांचा. त्याऐवजी एचडी १८९७३३ घ्या. डंबेल नेब्युलाच्या अगदी शेजारी, ७.७ प्रतीचा. त्याचा ग्रह गुरूएवढा, दर २.२ दिवसांनी समोरून जातो आणि जवळजवळ अडीच टक्के प्रकाश अडवतो. माग ठेवणारं माउंट हवं, तारा मुद्दाम थोडा अंधुक फोकस करा म्हणजे प्रकाश एकाच पिक्सेलवर साचणार नाही, आणि शेजारच्या दोन-तीन ताऱ्यांशी तुलना करत राहा. अधिक्रमणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर घ्यायला विसरू नका. बाहेरची सपाट पातळी नसेल तर खड्डा किती खोल हे कळणारच नाही.

सह्यकडा
रेघोट्या ताई, गणित मान्य. पण मग ३ सिग्माचं काय? सिग्नल लहान असेल, तरी तो योगायोगाने येण्याची शक्यता ०.३ टक्के हे तर त्यांनीच लिहिलंय. उरलेले ९९.७ कुठे गेले?

रेघोट्या
हाच काकांचा प्रश्न. दोन पायऱ्या आहेत, दोन्हीवर पाय घसरतो.

पहिली: ०.३ टक्के ही "जीवसृष्टी नसण्याची" शक्यता नव्हे. "डीएमएस नसण्याची" सुद्धा नव्हे. ती आहे एका तुलनेची. एक मॉडेल घेतलं ज्यात डीएमएस किंवा त्याचा भाऊबंद डायमिथाइल डायसल्फाइड आहे. दुसरं घेतलं ज्यात हे दोन्ही नाहीत. मापनांशी पहिलं जास्त जुळतं, आणि ते किती जास्त जुळतं ते सांगणारा आकडा म्हणजे ३ सिग्मा.

स्वयंपाकघरातलं उदाहरण देते. आमटी आंबट लागली. मी विचारलं, "यात कोकम आहे की काहीच आंबट घातलेलं नाही?" तुम्ही ठामपणे म्हणाल, कोकम. बरोबर. पण मी चिंचेचं नावच घेतलं नव्हतं. चिंच, कैरी, टोमॅटो हे पर्याय पुढे ठेवले की तुमची कोकमाबद्दलची खात्री उतरते, आमटी तीच असली तरी.

इथे नेमकं तेच झालं. लुइस वेलबँक्स आणि सहकाऱ्यांनी त्याच मापनांवर ९० रेणू लावून पाहिले. बरेच रेणू तेवढेच किंवा जास्त चांगले बसले, त्यात प्रोपाइनसारखा साधा हायड्रोकार्बनही होता. ऑक्सफर्डच्या जेक टेलर यांनी त्याहून उद्धट प्रश्न विचारला: मुळात आमटी आंबट आहे का? त्यांनी नुसती सरळ रेघ ओढून पाहिली, आणि मापनं सरळ रेघेशीही जुळली.

सह्यकडा
असहमत. कोकम आणि चिंच यातला फरक जिभेला कळतो हो. आमच्या आजीला वासावरून कळायचं. तसा वर्णपटावरून फरक कळायलाच हवा. नाहीतर या शास्त्राला अर्थ काय?

रेघोट्या
कळतो, पण आजीला सर्दी नसेल तर. :) एप्रिल २०२५ चं मापन ६ ते १२ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यातलं होतं, मिरी नावाच्या उपकरणाचं. त्या पट्ट्यात कार्बन-हायड्रोजन आणि कार्बन-गंधक बंध असलेले कितीतरी रेणू रुंद, बुटक्या टेकड्यांसारखे शोषतात. टेकड्या एकमेकींवर चढलेल्या. त्यात त्या आलेखातले चढउतार आणि प्रत्येक बिंदूवरची त्रुटीची उभी रेघ जवळपास सारख्याच उंचीची. खुद्द मूळ गटालाही डीएमएस आणि डायसल्फाइड यातलं कोणतं हे सांगता आलं नाही, त्यांनी "किंवा दोन्ही" असंच लिहिलंय.

उलट २०२३ मधलं मिथेन बघा. तेही याच गटाचं, याच दुर्बिणीचं, पण १ ते ५ मायक्रॉनमधलं. तिथे मिथेनच्या एकामागून एक अशा अनेक टेकड्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीच्या आहेत. एक टेकडी गोंगाटाने तयार होऊ शकते, चार-पाच आपापल्या जागी नाही होत. त्यामुळे इतरांनी तीच मापनं वेगळ्या पद्धतीने पुन्हा सोडवली तरी मिथेन टिकला. आजीला कोकम ओळखता येतं, ते हे असं.

गोदाकाठ
मला आठवतंय, २०१९ मध्ये याच ग्रहावर "पाण्याची वाफ सापडली" म्हणून पेपरात पहिल्या पानावर आलं होतं. मी तेव्हा शाळेत मुलांना तो कात्रण दाखवला होता. त्या वाफेचं पुढे काय झालं? की तीही चिंचच निघाली?

रेघोट्या
गोदाकाठ, अगदी हेच सांगायचं होतं. २०१९ मध्ये हबलच्या मापनावरून दोन वेगवेगळ्या गटांनी पाणी जाहीर केलं. हबलचा पट्टा होता साधारण १.१ ते १.७ मायक्रॉन. त्यात १.४ च्या आसपास एक टेकडी दिसली. तिथे पाणी शोषतं, पण मिथेनही शोषतो. पट्टा इतका आखूड की दुसरी टेकडी बघायची सोयच नव्हती. २०२३ मध्ये वेबने लांब पट्टा दिला आणि ती टेकडी मिथेनची ठरली. पाण्याची ठोस खूण मिळाली नाही. दोन्ही गटांचं गणित बरोबर होतं आणि निष्कर्ष चुकला. त्या कात्रणाशेजारी हे दुसरं कात्रण चिकटवा.

आणि लाल खुज्या ताऱ्यांत आणखी एक लबाडी असते. त्यांच्यावर डाग असतात, आणि डाग इतके थंड की त्यातच पाण्याची वाफ टिकते. आपल्या सूर्याच्या डागांतही पाण्याच्या रेघा सापडल्यात. ग्रह थाळीच्या ज्या पट्टीवरून जातो तिथे डाग नसले आणि बाकी थाळीवर असले, तर वजाबाकीत ताऱ्याचं पाणी ग्रहाच्या नावावर जमा होतं. ट्रॅपिस्ट-१ च्या ग्रहांवर काम करणाऱ्यांना या डागांनी रडवलंय. ही चूक पकडायची तर लहान तरंगलांबीकडे, दृश्य प्रकाशाच्या बाजूला, बघावं लागतं. डागांचा परिणाम तिकडे वाढत जातो, ग्रहाच्या वायूचा तसा वाढत नाही.

मालवणी_मेवा
ही पद्धत आपल्या पृथ्वीवर कोणी लावून बघितलीय का? आपल्याकडे जीव आहे हे ठाऊक आहे, मग उत्तर जुळतं का बघता येईल.

रेघोट्या
बघितलीय, आणि फार सुंदर पद्धतीने. चंद्रग्रहणात चंद्र लालसर दिसतो तो पृथ्वीच्या कडेच्या हवेतून वाकून आलेल्या सूर्यप्रकाशामुळे. म्हणजे तो गाळलेलाच प्रकाश. १६ ऑगस्ट २००८ च्या ग्रहणात ला पाल्माच्या दुर्बिणींनी सावलीतल्या चंद्राचा वर्णपट घेतला. त्यात ऑक्सिजन, ओझोन, पाणी, कार्बन डायऑक्साइड, मिथेन सगळे सापडले.

मालवणी_मेवा
अरे, ती नारळी पौर्णिमा होती! मध्यरात्रीनंतरचं खंडग्रास. ढगातून मधूनच दिसलेलं. आमची आई मला खिडकीत उभं राहू देत नव्हती, आणि तिकडे लोक त्याच चंद्रातून आपल्या श्वासाची चौकशी करत होते.

लिंबूकलर
वा! बरं, आता धरून चालू की उद्या दहा अधिक्रमणं जोडली आणि डीएमएस पाच सिग्माने पक्का झाला. मग तर जीवसृष्टी ना?

रेघोट्या
ही दुसरी घसरण, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. वायू सापडणं आणि वायू जिवंत गोष्टीने केलेला असणं यात मोठं अंतर आहे. मालवणी_मेवांचा कोबी आठवा. ६७पी धूमकेतूवर रोझेटा यानाच्या मापनांत डीएमएस सापडला. धूमकेतूवर प्लवक नाहीत. प्रयोगशाळेत मिथेन, हायड्रोजन सल्फाइड वगैरेंच्या मिश्रणावर अतिनील प्रकाश टाकला तरी तो तयार होतो. त्यामुळे "पृथ्वीवर जीवच करतात" हे वाक्य पृथ्वीपुरतं खरं, हायड्रोजनच्या जाड थराखालच्या ग्रहाबद्दल ते काही सांगत नाही.

प्रमाणाचाही प्रश्न आहे. आपल्या हवेत डीएमएस अब्जात एक भागापेक्षाही कमी असतो. के२-१८बीवर दावा आहे दहा लाखांत दहा भागांहून जास्त, म्हणजे हजारो पट. त्यावर मूळ गट म्हणतो, खाली कोमट समुद्र आणि वर हायड्रोजन असेल तर एवढं शक्य आहे. दुसरे म्हणतात, समुद्रच नाही, हा लहान नेपच्यून आहे आणि मिथेन-कार्बन डायऑक्साइड खोलवरच्या गरम वायूतून आपसूक येतात. तिसरे म्हणतात, खाली वितळलेला खडक आहे. अमोनिया दिसत नाही हे समुद्रवाले आपल्या बाजूचा पुरावा मानतात, कारण तो पाण्यात विरघळतो. पण तो वितळलेल्या खडकातही विरघळतो!

सह्यकडा
मग अशाने कधीच काही सिद्ध होणार नाही. कुठलाही वायू आणा, तुम्ही म्हणणार की धूमकेतूवर आहे.

रेघोट्या
तुमचा वैताग रास्त आहे. माझं म्हणणं, एकटा वायू कधीच पुरणार नाही, जोडी लागेल. अशी जोडी जी शेजारी शेजारी टिकायलाच नको. आपल्या हवेत ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र आहेत. मिथेन ऑक्सिजनच्या हवेत दहाएक वर्षांत जळून संपतो, तरी संपलेला नाही, म्हणजे कोणीतरी रोज ओततंय. १९९० मध्ये गॅलिलिओ यान गुरूकडे जाताना पृथ्वीजवळून गेलं तेव्हा कार्ल सेगन यांनी मुद्दाम त्याची उपकरणं पृथ्वीवर रोखायला लावली, आणि हीच जोडी ठळक दिसली.

नुसता ऑक्सिजनसुद्धा पुरत नाही. लाल खुजे तारे तरुणपणी फार तापट असतात, समुद्राची वाफ होते, पाणी फुटतं, हायड्रोजन उडून जातो, ऑक्सिजन मागे उरतो. एकही जीव न लागता.

गोदाकाठ
पण ताई, पृथ्वीवर अडीच अब्ज वर्षांपूर्वीपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता आणि जीव तर होते. तुमच्या जोडीच्या अटीवर तेव्हाची पृथ्वी नापास झाली असती.

रेघोट्या
झाली असती. त्यासाठी काहींनी दुसरी जोडी सुचवलीय: भरपूर मिथेन, भरपूर कार्बन डायऑक्साइड, आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र नाही. निर्जीव मार्गाने पहिले दोन भरपूर झाले तर तिसराही बहुधा सोबत येतो, आणि सूक्ष्मजीवांना मोनॉक्साइड आवडीने खाता येतो.

गोदाकाठ
थांबा. के२-१८बीवर मिथेन आहे, डायऑक्साइड आहे म्हणता, आणि मोनॉक्साइड सापडलेला नाही. म्हणजे ही जोडी तिथे बसते की!

रेघोट्या
वाटलंच होतं कोणीतरी पकडेल. :) ही अट पातळ हवेच्या, खडकाळ ग्रहासाठी मांडलेली आहे. हायड्रोजनच्या जाड हवेत मिथेन हाच कार्बनचा नैसर्गिक मुक्काम, त्याला कोणी रोज ओतावं लागत नाही. शिवाय एका स्वतंत्र फेरतपासणीत तिथला डायऑक्साइडही डळमळीत वाटला. पण मोनॉक्साइड इतका कमी का, याचं सगळ्यांना पटलेलं उत्तर आज नाही, हे मी मान्य करते. लहान नेपच्यूनवाल्यांना त्याचा हिशोब द्यावा लागतो.

लिंबूकलर
काकांना हे सगळं पाठवलं. त्यांचं उत्तर: "मग आणखी दहा वेळा का नाही मोजत? आळस?"

रेघोट्या
हा हा. ग्रहाचं वर्ष ३३ दिवसांचं, त्यामुळे वर्षात अकरा अधिक्रमणं होतात खरी. पण वेबला उष्णतेपासून जपायला सूर्याच्या बाजूला पाहता येत नाही, आणि हा तारा क्रांतिवृत्ताजवळ आहे. वर्षातून दोनदा थोडे थोडे दिवसच तो टप्प्यात येतो. म्हणजे फार तर तीन-चार अधिक्रमणं, आणि तीही उपकरणांत वाटायची. दहा मिरी-मापनं म्हणजे काही वर्षं, बाकी सगळ्यांच्या वेळेवर पाणी सोडून.

तारांगण_६इंची
सगळं वाचलं. एचडी १८९७३३ शोधला, डंबेलपासून खरंच हाकेवर आहे. सध्या इथे पाऊस. माझं माउंट हाताने फिरवायचं आहे, त्यावर दोन तास माग धरता येईल का? मोटर बसवली तर दर दहा मिनिटांनी तारा किती सरकला तर चालेल?

रेघोट्या
मोटर बसवाच. थोडं सरकलं तर चालेल, पण तो आणि तुलनेचे तारे सेन्सरवरच्या धुळीच्या डागावरून जायला नकोत. म्हणून त्याच रात्री फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो, घ्या. नवरात्राच्या सुमारास संध्याकाळी तो अजून चांगला वर असतो. आलेख इथेच टाका, वाकडा आला तरी.